अप्रेझलआधी मॅनेजरकडून स्पष्ट फीडबॅक हवाय? मग या चुका टाळा

ऐरोली, घणसोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांत मार्च उजाडला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सर, काही फीडबॅक असेल तर सांगा ना." त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं. "अरे, छान चाललंय. कीप इट अप." दोघंही हसतात आणि आपापल्या जागी जातात. मग मे-जूनमध्ये लेटर हातात पडतं. त्यात वर्षभर कुणी तोंडावर न बोललेलं एखादं वाक्य असतं: पुढाकार कमी, संवाद सुधारायला हवा, ओनरशिप हवी. माणूस दुखावतो, कारण विचारूनही त्याला काही सांगितलं गेलं नव्हतं.

टीम लीड म्हणून मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. मॅनेजर मुद्दाम लपवतो असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा प्रश्नच असा असतो की त्याला खरं उत्तर देता येत नाही.

चूक पहिली: उशिरा विचारणं

एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत साधारण क्रम असा असतो. मार्चच्या सुमारास आपण सेल्फ अप्रेझल भरतो. त्यावर मॅनेजर आपलं रेटिंग सुचवतो. मग एका खोलीत सगळे मॅनेजर आणि एचआर बसून सगळ्या टीमची रेटिंग एकमेकांशी ताडून पाहतात. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या असतात, म्हणून प्रत्येक मॅनेजरला आपल्या माणसाची बाजू मांडावी लागते. तिथे तो काय बोलणार, हे त्याला आठवणाऱ्या दोन-तीन ठळक प्रसंगांवर ठरतं.

मार्चमध्ये फीडबॅक मागितला तर हे प्रसंग घडून गेलेले असतात. मॅनेजरला तुमची उणीव माहीत असली, तरी ती सांगून आता काय साधणार, असं त्याला वाटतं. शिवाय तुम्ही रेटिंगचा अंदाज घ्यायला आला आहात अशी शंका येते आणि तो सावध होतो. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा ही चांगली वेळ आहे. डिसेंबरच्या सुट्ट्या संपलेल्या असतात आणि सुधारणा करून दाखवायला दोन महिने हातात असतात. तुमच्या कंपनीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल तर हेच गणित सप्टेंबर-ऑक्टोबरला लावा.

चूक दुसरी: "काही फीडबॅक आहे का?" असं विचारणं

सगळा घोळ या प्रश्नातच आहे. त्याला "नाही" हे उत्तर चालतं. शिवाय तो अचानक विचारला, तर मॅनेजरला वर्षभराचं तुमचं काम दोन सेकंदांत आठवावं लागतं. ते जमत नाही, म्हणून तो "छान" म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर वाईट बोलायचा संकोच असतो, तोही यात मिसळतो. तो संकोच दूर करायची जबाबदारी विचारणाऱ्याने घ्यावी असं मला ठामपणे वाटतं, कारण गरज त्याची आहे.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक गोष्ट दाखवली. लोकांना एखाद्याबद्दल फीडबॅक द्यायला सांगितलं, तर ते मोघम कौतुक करतात. सल्ला द्यायला सांगितलं, तर उणिवाही जास्त सांगतात आणि करण्याजोग्या सूचनाही जास्त देतात. कारण फीडबॅक म्हटलं की मन मागे वळून निकाल द्यायला बघतं, आणि सल्ला म्हटलं की पुढे काय करता येईल याचा विचार सुरू होतो. म्हणून प्रश्नाचं तोंड पुढे वळवा आणि त्याला एखाद्या ठरावीक कामाला बांधा.

माझ्या ओळखीची एक मुलगी ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये परदेशी क्लायंटच्या बिलिंगचं काम बघते. महिनाअखेरीला इनव्हॉइस आणि पेमेंटचा ताळमेळ लावणं हे तिचं मुख्य काम. मागच्या वर्षी तिला मधलं रेटिंग मिळालं होतं आणि शेरा होता "अधिक प्रोअ‍ॅक्टिव्ह व्हावं". या वेळी तिने जानेवारीतच मॅनेजरला मेल टाकला. मजकूर साधारण असा होता: "सर, पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तीन महिनाअखेरींबद्दल बोलायचं आहे. दोन प्रश्न आहेत. त्या कामात मी कोणती एक गोष्ट वेगळी केली असती तर तुमचं काम सोपं झालं असतं? आणि माझ्याच लेव्हलवर वरचं रेटिंग मिळवणाऱ्यांत तुम्हाला असं काय दिसतं जे माझ्यात अजून दिसत नाही? पगाराबद्दल किंवा या वर्षीच्या रेटिंगबद्दल मला यात काही विचारायचं नाही."

या मेलमधल्या तीन गोष्टी बघा. काळ ठरलेला आहे, काम ठरलेलं आहे आणि मॅनेजरला विचार करायला आठवडा मिळाला आहे. शेवटच्या वाक्याने त्याची मोठी धास्ती कमी झाली. हाइकचा विषय याच बैठकीत आणला, तर मॅनेजर प्रत्येक शब्द तोलून बोलतो, कारण त्याने केलेलं कौतुक उद्या मागणीच्या बाजूने वापरलं जाईल हे त्याला ठाऊक असतं. तो विषय वेगळ्या दिवशी काढा.

तुमचा मॅनेजर अमराठी असेल तर हेच ऑफिसात चालणाऱ्या हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. प्रश्नांची बांधणी मात्र तशीच ठेवा.

चूक तिसरी: पहिल्या उत्तरावर उठणं

बैठकीत तिचा मॅनेजर म्हणाला, "तुझं काम उत्तम आहे. फक्त थोडी व्हिजिबिलिटी वाढव."

बहुतेक जण इथे मान डोलावतात, थँक यू म्हणतात आणि बाहेर येऊन मीटिंगमध्ये जास्त बोलायला लागतात. व्हिजिबिलिटी, ओनरशिप, मॅच्युरिटी, बिग पिक्चर हे झाकणाचे शब्द आहेत. आत एखादा प्रसंग असतो आणि तो बाहेर काढावा लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: उत्तरात तारीख नाही, कामाचं नाव नाही, कुणा माणसाचा उल्लेख नाही, तर फीडबॅक अजून मिळालेला नाही.

तिने विचारलं, "सर, गेल्या तीन महिन्यांत अशी एखादी वेळ सांगाल का, जेव्हा मी दिसायला हवी होते आणि दिसले नाही?" आणि ती गप्प राहिली. ही शांतता अवघड वाटते. आपणच काहीतरी बोलून ती भरून टाकतो आणि मॅनेजरची सुटका करतो. तसं करू नका.

थोडं थांबून तो म्हणाला, "नोव्हेंबरची महिनाअखेर आठवते? ताळमेळात फरक आला होता. तू रात्री बसून तो सोडवलास, ते मला नंतर कळलं. पण सकाळच्या कॉलवर क्लायंटने मला त्याबद्दल विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं."

म्हणजे मीटिंगमध्ये बोलण्याशी याचा काही संबंध नव्हता. अडचण आल्याबरोबर वर कळवायचं राहिलं होतं. मागच्या वर्षीचा "प्रोअ‍ॅक्टिव्ह" हा शेराही बहुधा याच मुळाचा होता. तो एक प्रश्न विचारला नसता, तर तिने आणखी एक वर्ष भलत्याच गोष्टीवर मेहनत केली असती.

चूक चौथी: लगेच बाजू मांडणं

नोव्हेंबरच्या त्या रात्री तिने टीम लीडला चॅटवर कळवलं होतं. लीडने ते पुढे पोचवलं नव्हतं. हे तिथेच सांगायची तिला इच्छा झाली असणार, आणि ते खरंही होतं. पण पहिल्याच उदाहरणावर स्पष्टीकरण आलं की मॅनेजर दुसरं उदाहरण सांगत नाही. ती म्हणाली, "बरोबर, तुम्हाला सकाळी माहीत असायला हवं होतं. असं आणखी कुठे जाणवलं?" मग दुसरा मुद्दा निघाला: क्लायंट कॉलवर तिच्या कामाचं उत्तर नेहमी लीड देतो.

माहितीच चुकीची असेल, तर ती दुरुस्त जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी, पुराव्यासह, दोन ओळींत. आणि मुद्दा कामाऐवजी वेळेचा असेल, म्हणजे कुणी ट्रान्स-हार्बरची ठरलेली गाडी पकडायला सहाला निघतो हे मॅनेजरला खटकत असेल, तर एवढंच विचारा: "मी निघाल्यानंतर कोणतं काम अडलं?" काम अडलं असेल तर त्यावर तोडगा काढता येतो. अडलं नसेल तर तेही मॅनेजरच्या लक्षात येतं.

चूक पाचवी: बोलणं हवेत सोडणं

निघण्यापूर्वी तिने विचारलं, "३१ मार्चपर्यंत काय दिसलं तर हा मुद्दा सुटला असं तुम्ही म्हणाल?" हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. उत्तर असं ठरलं: जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या महिनाअखेरीला फरक सापडला की त्याच दिवशी तीन ओळींचा मेल थेट मॅनेजरला, लीडला कॉपीत ठेवून. त्यात काय सापडलं, किती रकमेवर परिणाम होतो, कधीपर्यंत सुटेल. आणि फेब्रुवारीपासून क्लायंट कॉलवर ताळमेळाचा भाग तिने स्वतः मांडायचा.

त्याच संध्याकाळी तिने हे पाच-सहा ओळींत मेलवर पाठवलं. "आपलं जे बोलणं झालं ते मला असं समजलं, काही राहिलं असेल तर सांगा" असा सूर होता. हा मेल तक्रारीचा पुरावा वाटू नये, म्हणून एचआरला कॉपीत ठेवायचं नाही. फेब्रुवारीच्या महिनाअखेरीनंतर तिने पुन्हा दहा मिनिटं मागितली: "दोन वेळा तसा मेल पाठवला. तुम्हाला हवं होतं तसं झालं का?" दुसऱ्यांदा विचारणारे फार थोडे असतात आणि ते मॅनेजरच्या लक्षात राहतात. सेल्फ अप्रेझलमध्ये तिने हाच धागा तारखांसह लिहिला. त्यामुळे नॉर्मलायझेशनच्या खोलीत मॅनेजरकडे सांगण्यासारखं काहीतरी ठोस होतं.

यातून वरचं रेटिंग मिळेलच असं नाही. जागा कमी असतील किंवा वर्षभराचं दुसऱ्या कुणाचं काम वजनदार असेल, तर दोन-अडीच महिन्यांची सुधारणा पुरी पडत नाही. मॅनेजरलाही रेटिंगबद्दल आधी शब्द देता येत नाही. त्याने दिला, तरी त्यावर विसंबून घराचा हप्ता ठरवू नका.

मॅनेजर बोलतच नसेल तर

बैठक दोनदा पुढे ढकलली गेली, तर वेळ कमी करून मागा, पंधरा मिनिटं, आणि एकच प्रश्न लिहून पाठवा. काहींना समोर बोलण्यापेक्षा लिहून देणं सोपं जातं. तरीही उत्तर मोघमच आलं, तर आपणच दोन पर्याय समोर ठेवा: "मला वाटतं माझे रिपोर्ट वेळेवर असतात, पण क्लायंटशी बोलण्यात मी कमी पडतो. तुम्हालाही तसंच वाटतं का, की उलट?" कोऱ्या पानावर लिहिण्यापेक्षा समोरचं दुरुस्त करणं माणसाला सोपं वाटतं.

वर्षाच्या मध्येच मॅनेजर बदलला असेल, तर जुन्या मॅनेजरला तो प्रोजेक्ट सोडण्याआधीच गाठा. त्याला तुमच्या कामाबद्दल चार ओळी मेलवर लिहायला सांगा, एक जमेची बाजू आणि एक सुधारायची. नवा मॅनेजर एप्रिलमध्ये तुमच्याबद्दल बोलायला बसेल, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांसाठी त्याच्या हातात कदाचित तेवढ्याच ओळी असतील.