जाळी होती, तरी बॉल लागला: लेदर बॉल स्पर्धेत या चुका टाळा

जाळी बांधली की आयोजक निर्धास्त होतात आणि खुर्च्यांची पहिली रांग थेट जाळीला टेकवतात. सगळा घोळ इथेच होतो. जाळी म्हणजे भिंत नव्हे. ती मागे फुगते आणि त्या फुगण्यातच बॉलचा वेग मरतो. फुगायच्या जागेत माणूस बसला असेल, तर तो वेग त्याच्या अंगावर मरतो.

तालुक्याच्या एका मैदानावर हेच झालं. डीप मिडविकेटची सीमारेषा जेमतेम 55 मीटर, पलीकडे जाळी आणि जाळीला डोकं टेकवून बसलेला प्रेक्षक. सपाट षटकार आला. जाळीने बॉल अडवला, कुठे फाटलीही नाही, पण हातभर मागे गेली आणि बॉल त्याच्या कानशिलावर बसला. समिती नंतर एकच वाक्य घोकत होती: "जाळी तर होती!"

उपाय फुकटचा आहे. जाळी बांधून झाली की एकाने मधोमध उभं राहून ती पूर्ण जोर लावून ढकलावी. जितकी मागे जाईल त्याच्या दुप्पट अंतर सोडून दोरी बांधायची आणि खुर्च्या दोरीमागे. दोन मीटरपेक्षा कमी तर नाहीच. फोटोत छान दिसावी म्हणून जाळी ताणून बांधणारे हौशी कार्यकर्ते असतात, त्यांना आवरा. ताणलेल्या जाळीवरून बॉल उसळून क्षेत्ररक्षकावर येतो आणि सगळा झटका गाठींवर बसतो. खालची कड वाळूच्या पिशव्यांनी दाबा. पक्ष्यांसाठीची स्वस्त जाळी नको.

सहा मीटरच्या जाळीवरून उंच षटकार जाणारच. म्हणून लाँग ऑन ते मिडविकेट या पट्ट्यात मंडपच घालू नका, पाहुण्यांचा तर मुळीच नाही. डावखुरा आला की हाच धोका समोरच्या बाजूला जातो. निवेदकाने विनोद थांबवून वेळीच "बॉल!" असं ओरडावं.

दुसरी मोठी चूक बॉल लागल्यावर होते. तो प्रेक्षक दोन मिनिटांत उठला, चहा प्यायला, "बरा आहे" म्हणाला आणि एकटाच मोटारसायकलवर घरी गेला. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, बोलणं अडखळू लागलं. घरच्यांनी वेळेत रुग्णालय गाठलं म्हणून निभावलं. कानशिलाचं हाड पातळ असतं, आतून रक्तवाहिनी जाते. ती फुटली तर रक्त हळूहळू साचतं आणि मधला काही वेळ माणूस ठणठणीत दिसतो.

म्हणून कानशिलावर जोरात बॉल लागलेल्याला बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्या, सोबत माणूस द्या, गाडी चालवू देऊ नका. डॉक्टरांनी घरी सोडलं तरी पहिले 24 तास कुणीतरी जवळ हवं. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच 108. बर्फ कापडात गुंडाळून लावा. बाम चोळू नका. डोळ्याला लागलं असेल तर दाबू नका, कागदी कप उपडा ठेवून झाका आणि निघा.