लोकल अडकली असताना रिक्रूटरला पाठवायचा निरोप

जुलै 2016 मध्ये अंधेरी पूर्वेच्या मरोळ भागातील एका कंपनीत माझी पहिली मुलाखत होती. वेळ सकाळी 11 ची होती आणि मी डोंबिवलीहून पुरेशी लवकर निघाले होते. मुलुंड सोडल्यावर गाडी थांबली. पुढे कुर्ला आणि शीवच्या दरम्यान रुळांवर पाणी साचले की मागच्या गाड्या एकामागे एक उभ्या राहतात, हे मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही गाडी आता सुटेल, मग सुटेल, अशा आशेवर मी तासाभराहून अधिक वेळ गप्प बसून राहिले आणि 10:50 ला रिक्रूटरला एक ओळ पाठवली: "सर, ट्रेन लेट आहे, थोडा उशीर होईल, सॉरी." मी पोहोचले तेव्हा 12 वाजत आले होते. पॅनेल उठून गेले होते, "आम्ही कळवू" असे सांगून मला परत पाठवण्यात आले आणि त्यानंतर कोणी कळवले नाही.

त्या दिवशी मी सारा दोष पावसाला दिला होता. पुढे मी स्वतः भरती विभागात रुजू झाले आणि मुलाखतींचे वेळापत्रक लावण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तो निरोप समोरच्या माणसाला कसा दिसला असेल हे मला समजले. त्याच्याकडे त्या दिवशी निरनिराळ्या पदांचे पाच-सहा उमेदवार असणार आणि त्यांपैकी बहुतेकांचे क्रमांक त्याच्या फोनमध्ये नावानिशी साठवलेले नसणार. म्हणजे निरोप कोणाचा, हे शोधण्यापासूनच त्याची सुरुवात झाली असेल. "थोडा उशीर" म्हणजे दहा मिनिटे की दीड तास, हे त्यातून कळत नव्हते. शिवाय तो आला तेव्हा पॅनेलमधील दोघे खोलीत येऊन बसलेही असतील, त्यामुळे कळले असते तरी त्याला काही हलवता आले नसते.

रिक्रूटर स्वतः मुलाखत घेत नसतो. ज्यांचा एकेक तास त्याने आठवडाभर आधी मागून घेतलेला असतो अशा दोन-तीन वरिष्ठांच्या आणि उमेदवाराच्या मधला तो माणूस असतो. उशीर होणार हे त्याला वेळेत कळले तर मोजक्या गोष्टी त्याच्या हातात असतात: नंतरच्या उमेदवाराला आधी घेणे, पॅनेलला त्यांची जागा न सोडता दुसरे काम करू देणे, दुपारची वेळ मागणे किंवा दुसरा दिवस ठरवणे. यांतील प्रत्येक गोष्टीला निदान अर्धा-पाऊण तास हाताशी लागतो. म्हणून आपला निरोप म्हणजे केवळ क्षमायाचना नसते. तो वाचून त्याला एक निर्णय घेता आला पाहिजे.

निरोप कधी पाठवायचा, हा यातला सर्वांत अवघड भाग आहे, कारण गाडीत बसलेल्या माणसाला उशीर होणार हे मान्यच करवत नाही. त्यावर मला एकच उपाय सापडला आहे, तो म्हणजे मुलाखतीच्या वेळेपासून उलटा हिशेब करणे. ऑगस्ट 2018 मध्ये, अगदी त्याच भागातील दुसऱ्या एका कंपनीत, माझी पुन्हा सकाळी 11 ला मुलाखत होती आणि 9:25 ला गाडी पुन्हा मुलुंडच्या पुढे थांबली. मी पिशवीतील वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. गाडी सुरळीत धावली तर तिथून घाटकोपर 15 मिनिटे. घाटकोपरचा पूल, मेट्रोची तपासणी आणि रांग मिळून 15 मिनिटे. मेट्रोने मरोळ नाका सुमारे 10 मिनिटे. तिथून चालत 10 मिनिटे. आणि इमारतीच्या फाटकावर ओळखपत्र दाखवून, नोंद करून, लिफ्टने वर जाईपर्यंत 15 मिनिटे. एकूण 65 मिनिटे झाली. याचा अर्थ 9:55 पर्यंत गाडी हलली नाही, तर 11 ची वेळ हातातून गेलेली आहे, मग आपल्याला काहीही वाटो. फाटकावरची ती 15 मिनिटे बहुतेक नवे उमेदवार धरत नाहीत. ते इमारतीपाशी पोहोचण्याची वेळ कळवतात, पण पॅनेलच्या दृष्टीने वेळ धरली जाते ती खुर्चीत बसण्याची.

9:55 ला गाडी जागेवरच होती, म्हणून मी निरोप पाठवला. मूळ इंग्रजीत होता. मराठीत तो असा होतो:

"नमस्कार मॅडम. मी (पूर्ण नाव). अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी आज 11:00 वाजता माझी मुलाखत आहे. मध्य रेल्वेची गाडी 9:25 पासून मुलुंडच्या पुढे थांबली असल्यामुळे मी 11:00 ला पोहोचू शकणार नाही. सध्याच्या अंदाजाने 11:45 पर्यंत मुलाखतीसाठी हजर होईन. 10:30 ला पुन्हा नक्की कळवते. ही वेळ सोयीची नसल्यास आज दुपारी 4 पर्यंत किंवा उद्या दिवसभरात केव्हाही येऊ शकते. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

यातील 11:45 ही वेळ कोठून आली, ते सांगायला हवे, कारण निरोपाचे सगळे वजन त्या एका आकड्यावर असते. लागणाऱ्या 65 मिनिटांत मी आतापर्यंत अडकून पडलेली 30 मिनिटे पुन्हा एकदा मिळवली, कारण जी गाडी अर्धा तास थांबली आहे ती आणखी तेवढाच वेळ थांबेल असे धरणे मला रास्त वाटले. आणि सुटल्यावरही ती रखडतच जाणार म्हणून आणखी 15 मिनिटे धरली. 9:55 मध्ये 110 मिनिटे मिळवली की 11:45 होतात. नवखा उमेदवार अशा वेळी संकोचाने 11:15 लिहितो, मग 11:15 ला "आणखी दहा मिनिटे" असे लिहितो आणि 11:25 ला पुन्हा तेच. रिक्रूटरला प्रत्येक वेळी पॅनेलसमोर जाऊन आधीचा शब्द मागे घ्यावा लागतो. एकदाच सांगितलेला पाऊण तास त्याला सोसतो. तीन वेळा वाढवलेली दहा-दहा मिनिटे सोसत नाहीत, हे मी आता त्याच्या खुर्चीतून पाहिले आहे.

"10:30 ला पुन्हा कळवते" हे वाक्य मला त्या निरोपातील सर्वांत उपयोगी वाक्य वाटते. अंदाज कच्चा आहे हे त्यातून प्रामाणिकपणे सांगितले जाते आणि तोपर्यंत वाट पाहायची की नाही हे समोरच्याला ठरवता येते. मात्र मग 10:30 चा निरोप 10:30 लाच गेला पाहिजे, सांगण्यासारखे नवे काही नसले तरीही. माझी गाडी 10:20 ला हलली होती, त्यामुळे मी एवढेच लिहिले: "गाडी 10:20 ला सुटली आहे. 11:45 ची वेळ कायम आहे."

कारण एका वाक्यात पुरते. गाडीतील गर्दीची छायाचित्रे किंवा रुळांवरच्या पाण्याची चित्रफीत पाठवण्याचे कारण नाही. रिक्रूटरही बहुधा याच शहरात प्रवास करून आलेला असतो आणि गाड्या बंद असल्याची बातमी त्याच्या फोनवर आलेली असते. त्याच कारणासाठी न घडलेला अपघात किंवा आजारपण रचून सांगू नये. क्षमा एकदाच मागावी आणि ती शेवटी असावी, म्हणजे पहिल्या दोन ओळींत नाव, पद आणि वेळ राहतात. फोनच्या पडद्यावर निरोप न उघडता तेवढेच दिसते.

पर्यायांबाबत एक सावधगिरी सांगते. "हवे तर व्हिडिओवर मुलाखत देते" असे अनेक जण लिहितात. अडकलेल्या डब्यात, उभ्याने, तुटक नेटवर्कवर मुलाखत देता येत नाही आणि रिक्रूटरने "बरे, 11 ला जोडा" असे म्हटले, तर आपणच दिलेला पर्याय आपल्याला नाकारावा लागतो. त्या वेळी आपण शांत जागी असू याची खात्री असेल तरच तो द्यावा.

निरोप कोणाला आणि कशावर पाठवायचा, याची तयारी आदल्या रात्री करावी लागते. मुलाखत कन्सल्टन्सीमार्फत ठरली असेल, तर आपल्याशी बोलणारा माणूस त्या कंपनीच्या इमारतीत नसतो. त्याला पाठवलेला निरोप पुढे जाईपर्यंत आणखी वीस मिनिटे जातात. म्हणून "उद्या तिथे पोहोचल्यावर कोणाला फोन करू?" असे आदल्या दिवशी विचारून कंपनीतील माणसाचे नाव आणि क्रमांक घेऊन ठेवावा. अशा प्रसंगी दोघांनाही एकच निरोप पाठवावा आणि तो दोघांना पाठवला आहे हे त्यात लिहावे. मी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि तीन-चार मिनिटांनीही एकच खूण दिसत असेल तर तोच मजकूर साध्या एसएमएसने पाठवते, कारण गर्दीच्या डब्यात इंटरनेट नसतानाही तो पुष्कळदा जातो. त्यानंतर एक फोन करावा. तो उचलला गेला नाही तर पुन्हा पुन्हा लावू नये, कारण त्या वेळी रिक्रूटर दुसऱ्या उमेदवाराबरोबर खोलीत असू शकतो. नेटवर्क मिळताच मुलाखतीच्या निमंत्रणाच्या ईमेललाही तेच उत्तर द्यावे, म्हणजे लेखी नोंद राहते. मात्र ते फक्त रिक्रूटरला द्यावे. निमंत्रणात पॅनेलमधील वरिष्ठांचे पत्ते असतात आणि "सर्वांना उत्तर" दाबले, तर वेळ हलवण्याची जी चर्चा रिक्रूटरने त्यांच्याशी करायची असते, ती आपण त्याच्या आधी सुरू करून बसतो.

गाडी बराच वेळ थांबली की लोक रुळांवर उतरून पुढच्या स्थानकाकडे चालू लागतात. पावसात, शेजारच्या मार्गावर गाडी केव्हा येईल हे माहीत नसताना, असे उतरू नये. वर दिलेला हिशेब डब्यात बसूनच करायचा आहे.

या निरोपाचा उपयोग तिथेच होतो जिथे वेळ माणसाच्या हातात असते. ज्या भरतीत आधी सामायिक लेखी परीक्षा असते आणि फाटक बंद होण्याची वेळ प्रवेशपत्रावर छापलेली असते, तिथे कितीही नेमका निरोप पाठवला तरी फाटक उघडत नाही. अशा दिवशी पावसाळ्यात आदल्या रात्रीच केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जाणे हाच मार्ग उरतो.

2018 च्या त्या सकाळी मॅडमचे उत्तर 10:05 ला आले. 12 वाजताचा उमेदवार लवकर येऊन बसला होता. त्याला त्यांनी 11 ला आत पाठवले आणि मला 12 ची वेळ दिली. मी 11:30 ला फाटकावर होते आणि 11:45 ला वरच्या मजल्यावर. पॅनेलमधील एकाने "गाड्या सुरू झाल्या का?" एवढेच विचारले, मी "हो, हळूहळू" असे सांगितले आणि त्यांनी पहिला प्रश्न बँक ताळमेळ पत्रकावर विचारला.