दमा असलेलं मूल आणि 600 मीटरची धाव

शारीरिक शिक्षणाच्या नव्या शिक्षकाची बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसगत होते. दम्याचं मूल धावताना ठीक दिसतं, त्रास सुरू होतो तो बऱ्याचदा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी. तोवर तुम्ही पुढची तुकडी सोडलेली असते. साधी धाप विश्रांतीने उतरत जाते. दम्याची चढत जाते, सोबत कोरडा खोकला येतो, छाती आवळते. म्हणून धाव संपल्यावर निदान 15 मिनिटं ते मूल तुमच्या नजरेसमोर हवं.

समजा, आठवीतल्या एका मुलीला 600 मीटर धावायचं आहे. जोरात धावताना तोंडाने घेतलेली कोरडी, गार हवा श्वासनलिकांतला ओलावा पळवते आणि नलिका आकसतात. थेट वेगात सोडलं तर हे होण्याची शक्यता वाढते. आधी पाच मिनिटं चालणं आणि हलकं जॉगिंग, मग अर्ध्या मिनिटाच्या चार-पाच मध्यम धावा, प्रत्येकीनंतर मिनिटभर चालणं. अशा तयारीने अनेक मुलांच्या श्वासनलिका पुढचा तास-दोन तास कमी आकसतात. सगळ्यांना नाही, हेही धरून चाला. डॉक्टरांनी व्यायामाआधी इनहेलर सांगितला असेल, तर तो धावण्याच्या 10-15 मिनिटं आधी.

डिसेंबरातली गार सकाळ, मैदानावर उडणारी धूळ, रेषा आखायची फक्की, नुकतंच कापलेलं गवत, दिवाळीतला फटाक्यांचा धूर, ओसरत आलेली सर्दी: यातलं काही असेल तर त्या दिवशी धाव पुढे ढकला. तिला कायमचं गुण लिहायला बसवणं मात्र चूक आहे.

इनहेलर ऑफिसच्या कपाटात नको, मैदानावर हवा. मुलीच्या खिशात किंवा तुमच्या पिशवीत. त्यावर साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचं नाव आणि मुदत वाचा. रोज घ्यायचा निव्वळ स्टिरॉइडचा इनहेलर दम्याचा झटका आल्यावर लगेच आराम देत नाही. आपल्याकडे पुष्कळ मुलं कॅप्सूलचा रोटाहेलर वापरतात. त्यात पावडर स्वतः जोरात ओढावी लागते, आणि झटक्यात नेमकं तेच जमत नाही. पालकांना सांगून डॉक्टरांकडून फवाऱ्याचा इनहेलर आणि त्याला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, लिहून घ्या.

झटका आलाच तर सरळ बसवा, आडवं करू नका, भोवतीची गर्दी हटवा. इनहेलर हलवा, स्पेसरमध्ये एक फवारा, चार-पाच संथ श्वास, मग दुसरा. अर्ध्या ते एक मिनिटाच्या अंतराने, गरजेप्रमाणे दहापर्यंत. इथे शिक्षक कचरतात, ‘जास्त झालं तर?’ म्हणून. हात थरथरणं, छातीत धडधडणं होऊ शकतं. पण औषध न देणं त्याहून कितीतरी धोक्याचं आहे. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल गळून गप्प झालं असेल, तर दहा फवाऱ्यांची वाट न पाहता 108 ला फोन लावा आणि फवारे चालू ठेवा.

त्याच दिवशी पालकांना लेखी कळवा: किती वाजता, काय करताना, किती फवारे. त्रासावर आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा इनहेलर लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही. रोजचं औषध डॉक्टरांना पुन्हा तपासू द्या.