ΔG चं चिन्ह चुकतं ते नेमकं कुठे: चुनखडीचं एक गणित आणि या चुका टाळा

सायली आणि ओंकार बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहेत. त्यांच्यापुढचं गणित साधं दिसतं. चुनखडी तापवली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो:

CaCO₃ → CaO + CO₂

एन्थॅल्पीतला बदल ΔH° = +१७८.३ किलोज्यूल प्रति मोल आणि एन्ट्रॉपीतला बदल ΔS° = +१६०.५ ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल. प्रश्न असा की २५ अंश सेल्सिअसला आणि ८५० अंश सेल्सिअसला ही अभिक्रिया स्वयंस्फूर्त आहे का? सूत्र दोघांनाही पाठ आहे, ΔG = ΔH − TΔS. ΔG म्हणजे गिब्ज मुक्त ऊर्जेतला बदल; तो ऋण आला तर अभिक्रिया स्वयंस्फूर्त, म्हणजे आपोआप घडू शकणारी. तरीही पहिल्याच ओळीत दोघांची उत्तरं वेगळी आली.

ओंकार : माझं झालं. १७८.३ वजा २९८ गुणिले १६०.५. उत्तर उणे ४७,६५०. ऋण आलं, म्हणजे स्वयंस्फूर्त.

सायली : अरे, २५ अंशाला? मग फरशीतला संगमरवरही चुनखडीच की. तो घरात बसल्या बसल्या विरघळून चुना झाला असता.

ओंकार : विरघळून नाही, विघटन होऊन. पण तुझं बरोबर आहे, काहीतरी गडबड आहे.

गडबड एककांची आहे. ΔH किलोज्यूलमध्ये दिलेला असतो आणि ΔS ज्यूलमध्ये, कारण एन्ट्रॉपीचे आकडे तितके लहान असतात. तक्त्यांमध्येही ते असेच छापतात. ओंकारने किलोज्यूलमधून ज्यूल वजा केले. आधी १६०.५ ला १००० ने भागून ०.१६०५ करायला हवं होतं. मग २९८ × ०.१६०५ = ४७.८ किलोज्यूल, आणि ΔG° = १७८.३ − ४७.८ = +१३०.५ किलोज्यूल. चिन्ह धन, संगमरवर सुरक्षित.

ही चूक पकडायला एक अंदाज कायम डोक्यात ठेवावा. ΔS जर १०० ज्यूल प्रति केल्विन असेल, तर २५ अंशाला TΔS साधारण ३० किलोज्यूल भरतो. पुस्तकातल्या बहुतेक अभिक्रियांचा ΔS दोन-तीनशेच्या आतच असतो. तेव्हा खोलीच्या तापमानाला TΔS शंभरच्या फार पुढे गेला तर एकक तपासावं, आणि हजारांत गेला तर न तपासताही चूक आहे असं धरावं. म्हणूनच माझा आग्रह असतो की वजाबाकी थेट कॅल्क्युलेटरवर करू नये. आधी ΔH आणि TΔS हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. ΔG चं चिन्ह म्हणजे त्या दोघांत कोण मोठं एवढाच प्रश्न असतो. ते दोन आकडे डोळ्यांसमोर नसले, तर उत्तर पटण्यासारखं आहे की नाही हे कशावरून ठरवणार?

सायलीने एकक बरोबर घेतलं होतं, पण तिचं उत्तर +१७४.३ आलं.

ओंकार : माझं आता १३०.५ येतंय. तुझं १७४ कसं?

सायली : २५ गुणिले ०.१६०५, म्हणजे ४.०. १७८.३ मधून ४ गेले.

ओंकार : अगं, २५ नाही, २९८. केल्विन.

सायली : हो की. पण चिन्ह तर धनच आलं ना? मग फरक काय पडला?

इथे फरक पडला नाही, आणि धोका नेमका त्यातच आहे. ओंकारच्या चुकीने उत्तर इतकं विचित्र आलं की ती लगेच दिसली. सायलीच्या चुकीने उत्तर पटण्यासारखं आलं आणि चिन्हही बरोबर आलं. तीच पद्धत तिने दुसऱ्या भागाला लावली तर काय होतं ते पाहा. ८५० × ०.१६०५ = १३६.४, म्हणून ΔG° = +४१.९ किलोज्यूल. ती लिहील, ‘८५० अंशालाही स्वयंस्फूर्त नाही.’ केल्विनमध्ये तापमान ११२३ आहे. ११२३ × ०.१६०५ = १८०.२, आणि ΔG° = १७८.३ − १८०.२ = −१.९ किलोज्यूल. चिन्हच उलटलं.

या सूत्रातला T हा निरपेक्ष तापमानाचा आकडा आहे. त्याचं शून्य पाण्याच्या गोठणबिंदूवर नाही, उणे २७३ अंशांवर आहे. सेल्सिअस वापरलं की TΔS हे पद दर वेळी २७३ × ΔS एवढं कमी भरतं. ΔH खूप मोठा असला तर ती तूट झाकली जाते. दोन्ही पदं जवळजवळ सारखी असली की उघडी पडते.

पुढे दोघांनी चिन्ह कुठल्या तापमानाला बदलतं ते काढलं. ΔG° शून्य धरला की T = ΔH°/ΔS°. इथेही दोन्ही ज्यूलमध्ये घ्यायचे: १,७८,३०० भागिले १६०.५, म्हणजे ११११ केल्विन, अर्थात ८३८ अंश सेल्सिअस.

ओंकार : म्हणजे नियम असा की या तापमानाच्या वर अभिक्रिया स्वयंस्फूर्त, खाली नाही.

सायली : सगळ्या अभिक्रियांना?

ओंकार : सूत्र तर सगळ्यांना तेच आहे.

सूत्र तेच असलं तरी बाजू तीच नसते. अमोनियाची अभिक्रिया घ्या: N₂ + 3H₂ → 2NH₃. तिचा ΔH° −९२.२ किलोज्यूल आणि ΔS° −१९८.७ ज्यूल प्रति केल्विन. वायूचे चार मोल जाऊन दोन उरतात, म्हणून एन्ट्रॉपी घटते. ओंकारने आकडे टाकले आणि लिहिलं −९२.२ − ५९.२ = −१५१.४. ΔS चं उणे चिन्ह त्याने गिळलं. सूत्रातलं उणे आणि ΔS चं स्वतःचं उणे, ही दोन वेगळी चिन्हं आहेत. दोन्ही कागदावर यायला हवीत: −९२.२ − २९८ × (−०.१९८७) = −९२.२ + ५९.२ = −३३.० किलोज्यूल. कंस लिहिण्याचा कंटाळा केला की ही चूक होतेच होते, आणि २५ अंशाला ती दिसत नाही, कारण दोन्ही उत्तरं ऋणच आहेत.

बाजू ठरवायला पाठांतराचा तक्ता लागत नाही. तापमान वाढलं की TΔS हे पद मोठं होतं, ΔH जवळपास तिथेच राहतो. चुनखडीत ते वाढणारं पद ΔG ला खाली ओढतं, म्हणून ११११ केल्विनच्या वर चिन्ह ऋण. अमोनियात तेच पद ΔG ला वर ढकलतं, म्हणून ९२,२०० भागिले १९८.७, म्हणजे ४६४ केल्विनच्या वर चिन्ह धन होतं. आणि ΔH व ΔS ची चिन्हं एकमेकांविरुद्ध असली, तर भागाकार ऋण येतो. ऋण केल्विन तापमान अशा गणितात येऊच शकत नाही. असं उत्तर आलं आणि आकडे बरोबर उतरवलेले असले, तर त्या अभिक्रियेचं चिन्ह कुठल्याच तापमानाला बदलत नाही.

आता परत ८५० अंशांकडे. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती चूक इथे आहे, आणि ती गणित बरोबर सोडवणाऱ्याकडूनही होते.

सायली : −१.९. ऋण. म्हणून ८५० अंशाला स्वयंस्फूर्त. लिहून टाकते.

ओंकार : थांब जरा. १७८ मधून १८० गेले आणि दोन उरले. १७८ मध्ये दोन टक्के जरी इकडेतिकडे झाले तरी चिन्ह फिरेल.

ओंकारची शंका अगदी योग्य आहे. दोघांनी वापरलेले ΔH° आणि ΔS° हे २५ अंशाचे आहेत. ते ८५० अंशालाही तेच राहतात असं आपण धरलं. ते थोडे बदलतात, कारण चुनखडी, चुना आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या उष्माधारकता वेगवेगळ्या आहेत. तापमान काही शे अंशांनी वाढलं की हा थोडा थोडा बदल साचत जातो. प्रयोगात मोजल्यावर चुनखडीवरचा कार्बन डायऑक्साइडचा समतोल दाब १ वातावरण होतो तो ८३८ ला नाही, सुमारे ९०० अंश सेल्सिअसला. म्हणजे ८५० अंशाला खरा ΔG° थोडा धन आहे, आणि सायलीचं −१.९ चिन्हापुरतंही टिकत नाही. २५ अंशाच्या +१३०.५ ला मात्र असला धोका नाही. परीक्षेत ‘ΔH आणि ΔS तापमानानुसार बदलत नाहीत असे माना’ असं दिलेलं असलं तर −१.९ हेच उत्तर लिहायचं. पण ही अट कशासाठी घातली आहे ते माहीत असावं.

सायली : मग चुन्याच्या भट्टीत ८५० ला चुना होणारच नाही?

ओंकार : होईल की. आपण ΔG° काढला, ΔG नाही.

ते छोटं शून्य असं सांगतं की कार्बन डायऑक्साइडचा दाब १ बार धरला आहे. बंद भांड्यात १ बार कार्बन डायऑक्साइड भरून ८५० अंशाला ठेवलं तर चुनखडी तशीच राहील. भट्टीतून हवा वाहत असते आणि वायू वर निघून जातो. समजा तिथे कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.२ बार आहे. मग ΔG = ΔG° + RT ln p, जिथे R हा वायू स्थिरांक आणि p हा बारमधला दाब. यातलं दुसरं पद ८.३१४ × ११२३ × ln ०.२, म्हणजे जवळजवळ −१५ किलोज्यूल. आपल्या ΔG° मध्ये आठ-नऊ किलोज्यूलची चूक धरली तरी बेरीज ऋणच राहते.

सायलीने शेवटी वहीत दोन ओळी लिहिल्या. पहिली: ‘२५ अंश सेल्सिअस, ΔG° = +१३०.५ किलोज्यूल, स्वयंस्फूर्त नाही.’ दुसरी: ‘८५० अंश सेल्सिअस, ΔG° = −१.९ किलोज्यूल (ΔH°, ΔS° स्थिर मानून), शून्याच्या अगदी जवळ; कार्बन डायऑक्साइडचा दाब १ बारपेक्षा बराच कमी असेल तर स्वयंस्फूर्त.’