बंद लाईन आणि मेलेली लाईन

साहेब म्हणाले, चार शब्द बोला. नवीन लागलेले विद्युत सहायक समोर बसलेत, त्यांच्यासाठीच बोलतो. बाकीच्यांनी हे माझ्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की त्यांनी आता जेवायला बसलं तरी माझी हरकत नाही.

पोरांनो, बंद केलेली लाईन आणि मेलेली लाईन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या कामातले बरेच अपघात चालू लाईनवर होत नाहीत. माणूस ज्या लाईनला बंद समजून पोलवर चढला, तिच्यावर होतात.

एक प्रसंग सांगतो. मे महिना, लग्नसराई. संध्याकाळच्या वावटळीत 11 केव्ही लाईनचा जंपर तुटला आणि अर्धं गाव अंधारात गेलं. उपकेंद्रातल्या ऑपरेटरला सांगून फीडर बंद केला. परमिट, म्हणजे त्या लाईनवर काम करायची परवानगी, घेतलं. तुम्हीही घेताना एक विचारत जा, आज हे गाव कुठल्या फीडरवर आहे? भिंतीवर नकाशा असतो, पण मागच्या फॉल्टच्या वेळी कुणीतरी लोड दुसऱ्या फीडरवर टाकलेला असतो आणि परत घेतलेला नसतो. मग परमिट एका फीडरचं आणि तुम्ही पोलवर दुसऱ्याच्या. म्हणून परमिटवर फीडरचं नाव आणि कुठल्या पोलपासून कुठल्या पोलपर्यंत काम आहे, हे लिहून घ्यायचं. 'तीन वाजता चालू करा' असं वेळेवर ठरवून काम करायचंच नाही. घड्याळाला काय माहीत, तुमचा नट गंजलेला आहे?

पुढे एबी स्विच, म्हणजे लाईन तोडणारा पोलवरचा स्विच. दांडा खाली ओढला, कुलूप लावलं. इथं नव्या पोरांना वाटतं, झालं. पण दांडा खाली आला म्हणजे वरची तिन्ही पाती उघडली असं नाही. पाइप घसरलेला असतो, एखादं पातं गंजून चिकटलेलं असतं. त्यामुळे मान वर करून एक, दोन, तीन अशी पाती मोजायची. अंधार असेल तर बॅटरी मारून. त्या संध्याकाळी तिन्ही नीट उघडलेली दिसत होती.

परमिट हातात, पाती उघडी, तरी टेस्टर लावला. आधी तो दुसऱ्या चालू लाईनवर पेटतो का ते पाहून घेतलं होतं, नाहीतर बिघडलेला टेस्टरही 'करंट नाही' असंच सांगतो. आमच्या तुटलेल्या तुकड्याला लावला आणि तो पेटला.

कारण पलीकडे मंगल कार्यालय होतं. वीज गेल्यावर त्यांनी जनरेटर लावला, पण मेन स्विच न काढता. लाईन आणि जनरेटर यातलं एका वेळी एकच जोडू देणारा चेंजओव्हर नव्हताच. त्यांची जोडणी गावातल्या कुणा झिरो वायरमननं करून दिलेली. आता डीपीचं बघा. ती 11 हजार व्होल्टचे 433 करते, म्हणजे साधारण 25 पट कमी. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालून जनरेटरचे 415 चढवले, की वरून साडेदहा हजारांच्या आसपास बाहेर पडतात. पूर्ण गावाचा भार असता तर जनरेटर दमून बंद पडला असता. पण तुटलेला तुकडा छोटा, भार थोडाच, म्हणून तो आरामात चालत राहिला. वर परमिट खरं, स्विच खरा, आणि तरी लाईन जिवंत.

त्या डीपीचे डीओ फ्यूज काढले, जनरेटर बंद करवला, पुन्हा टेस्टर लावला. नंतर डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीला जोडणारा दांडा. त्याचा क्रम उलटा झाला तर रॉडच तुम्हाला मारेल. आधी अर्थची बाजू, म्हणजे जमिनीत खुंटी ठोकून तिला क्लॅम्प घट्ट. मग इन्सुलेटेड दांड्यानं एकेक तार. काढताना आधी तारा, शेवटी खुंटी. आणि कामाच्या एकाच बाजूला अर्थ करून भागत नाही. करंट डावीकडून येईल की उजवीकडून, हे त्या संध्याकाळी आम्हाला तरी कुठं माहीत होतं? दोन्ही बाजूंनी अर्थ करा, आणि तुमचं काम मधे ठेवा.

खाली शंभर माणसं जमलेली असतात, सरपंचांचा फोन वाजत असतो. रॉड गाडीतून आणायला पाच-सात मिनिटं जातात, तीच नेमकी जड वाटतात. फोन खालच्या सोबत्याकडे द्या, त्याला बोलू दे.

काम झाल्यावर पोलवर गेलेली माणसं नावानं हाक मारून खाली मोजा. रॉड किती लावले, किती काढले, तेही. मग ज्याच्या नावावर परमिट, त्यानंच स्वतः ऑपरेटरला परत करायचं. 'साहेब, आमचं झालं, चालू करा' असं दुसऱ्या कुणी परस्पर सांगितलं, तर ऑपरेटरनं ते मानू नये. आणि तुमच्यातलाच कुणी उद्या ऑपरेटर होईल, तेव्हा त्यानंही.