खाणावळीचे आकडे बघताना या चुका टाळा (फोंड्यातल्या एका फिश थाळीचा हिशेब)

आमच्या वहिनींची फोंड्यात छोटी खाणावळ आहे, दुपारी फिश थाळी, सोमवार बंद. आठवड्याला सहा दिवस, दिवसाला साधारण ७० थाळ्या. मी अकाउंट्सचं काम करतो म्हणून रविवारी रात्री त्यांच्या वह्या बघायला बसतो. गेल्या वर्षी एका आठवड्यात असं झालं की वहिनी खूश होत्या आणि मला मात्र वही बघून घाम फुटला, कारण आम्ही दोघं वेगवेगळे आकडे बघत होतो. ते सगळं इथे सविस्तर लिहितो, कारण म्हापशापासून काणकोणपर्यंत ज्यांच्या खाणावळीच्या वह्या मी पाहिल्या त्यातल्या बहुतेकांत ह्याच चुका सापडल्या.

बाजारात दिलेले पैसे म्हणजे खर्च असं धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी दोन आठवडे बघू.

पहिल्या आठवड्यात विक्री ९६,६०० आणि खरेदी ४७,००० (मासळी, तांदूळ, नारळ, तेल, मसाला, सगळं मिळून). दुसऱ्या आठवड्यात विक्री ९७,००० आणि खरेदी फक्त ३३,०००. वहिनींनी खरेदीला विक्रीने भागलं, तर आधी ४८.७ टक्के आणि मग थेट ३४ टक्के. त्या म्हणाल्या, "भावजी, ह्या आठवड्यात बाजार छान सांभाळला बघा."

मी विचारलं, फ्रीझरमध्ये किती माल आहे? तर तो जवळजवळ रिकामा. आदल्या आठवड्यात सुंगटं आणि इसवण जास्त घेऊन ठेवली होती, तीच ह्या आठवड्यात वापरली, म्हणून बाजारात कमी पैसे गेले. म्हणजे खर्च झालाच होता, फक्त वहीत तो आदल्या आठवड्याच्या नावावर पडला होता.

खरा हिशेब असा करायचा: आठवड्याच्या सुरुवातीचा शिल्लक माल, त्यात खरेदी मिळवायची, शेवटचा शिल्लक माल वजा करायचा, जे उरेल तेवढा माल खरोखर वापरला गेला. पहिल्या आठवड्यात सुरुवातीला १८,००० चा माल होता आणि शेवटी २४,००० चा, म्हणजे वापरला ४१,००० चा, विक्रीच्या ४२.४ टक्के. दुसऱ्या आठवड्यात सुरुवात २४,००० ची, शेवट १२,५०० चा, म्हणजे वापर ४४,५०० चा, ४५.९ टक्के. वहिनींच्या आकड्याप्रमाणे टक्का १५ ने खाली आला होता आणि प्रत्यक्षात साडेतीनने वर गेला होता. साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण ९७,००० च्या विक्रीवर ते ३,४०० रुपये होतात, आणि तेही एका आठवड्यात.

शिल्लक मोजायचा लोकांना कंटाळा येतो हे मला माहीत आहे. पण मीठ, हळद मोजत बसायचं नाही. फ्रीझरमधली मासळी, तांदूळ, तेलाचे डबे, नारळ आणि आमसुलं एवढंच मोजायचं, बाकीच्या मालाचा अंदाजाने दर आठवड्याला एकच ठरावीक आकडा धरला तरी चालतो. रविवारी रात्री भांडी घासून झाली की पंचवीस मिनिटांचं काम आहे. फक्त दर वेळी त्याच वेळी आणि शक्यतो त्याच माणसाने मोजायचं, नाहीतर फरक मालाचा की मोजणाऱ्याचा तेच कळत नाही.

टक्का वाढला की लगेच बाजाराला दोष देणं

मासळी महाग झाली, हे पहिलं उत्तर ठरलेलं. ते कधी कधी खरंही असतं, पण टक्का वाढायची मुख्य कारणं तीन: भाव वाढला, ताटात जास्त गेलं, किंवा माल ताटात न जाता कुठेतरी गेला (खराब झाला, सांडला, बिलाशिवाय गेला). ही तिन्ही वेगळी तपासायची.

भाव आधी बघितला, कारण तो सोपा, मासळीवाल्याच्या चिठ्ठ्या असतातच. दोन्ही आठवड्यांत अख्खी इसवण ८०० रुपये किलोच होती, तेव्हा बाजाराचा दोष नव्हता. टाकलेल्या मालासाठी मोरीजवळ एक वही टांगलेली आहे, त्यात विशेष काही नव्हतं. मग राहिलं ताट.

आम्ही तुकडे मोजले. पाच किलोची इसवण साफ केली, डोकं आणि पोटातलं काढलं की त्यांच्याकडे सुमारे ३ किलो ४०० ग्रॅम तळायचे तुकडे निघतात (हे प्रत्येकाने आपल्या काट्यावर बघावं, मासा आणि कापणारा हात दोन्ही बदलतात). आधी त्यातून ३० तुकडे निघायचे, म्हणजे तुकडा साधारण ११० ग्रॅमचा. नवीन मुलगा कामाला लागला होता तो बिचारा मन लावून जाड कापत होता, १३५ ग्रॅमचा, म्हणून २५ च निघत होते. चार हजारांचा मासा ३० ताटांत गेला तर तुकडा १३३ ला पडतो, २५ ताटांत गेला तर १६० ला. ताटामागे २७ रुपये. आठवड्याला इसवणीच्या १२६ थाळ्या गेल्या होत्या, गुणाकार करून बघा, तेच ३,४०० रुपये. मला इतका नेमका हिशेब जुळल्याचं फार समाधान वाटलं, दर वेळी असा जुळत नाही, बऱ्याचदा थोडं भावात आणि थोडं ताटात सापडतं.

उपाय म्हणून त्या मुलाला ओरडायची गरज नव्हती. कापायच्या फळीशेजारी काटा ठेवला आणि एका माशातून किती तुकडे निघाले ते चिठ्ठीवर लिहायचं ठरवलं.

टक्क्यामागे लागून रुपये सोडणं

इथे वहिनी मला म्हणाल्या की इसवणीची थाळीच बंद करू, त्यातच टक्का जास्त लागतो. बरोबर आहे, ३५० च्या इसवण थाळीत माल १७३ चा, म्हणजे जवळजवळ ४९ टक्के. बांगड्याची साधी थाळी १८० ची, त्यात माल ६६ चा, ३७ टक्के. कागदावर बांगडा जिंकतो. पण गल्ल्यात काय उरतं ते बघा: इसवणीच्या ताटामागे १७७ रुपये आणि बांगड्याच्या मागे ११४. जाड तुकड्याच्या आठवड्यातही इसवणीमागे १५० उरत होतेच. गिऱ्हाईक इसवण मागतोय आणि आपण टक्का सुधारायला त्याला बांगड्यावर ढकलतोय असं केलं तर टक्का सुंदर दिसेल आणि भाडं द्यायला पैसे कमी पडतील.

टक्का हा गळती शोधायला चांगला, कुठली थाळी ठेवायची हे ठरवायला ताटामागे उरणारे रुपये बघायचे. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं ही चूक केलेली आहे, लोकांना टक्क्यावरून मेनू बदलायला सांगितलंय, त्याचं आजही वाईट वाटतं.

किती थाळ्यांवर आपण तरतो हे माहीतच नसणं

भाडं ३५,०००, पगार ८५,०००, गॅस १६,०००, वीजपाणी १२,०००, किरकोळ ८,०००. महिन्याला १,५६,०००, कामाचे दिवस २६, म्हणजे दिवसाला ६,००० रुपये निघायलाच पाहिजेत. सरासरी ताटामागे १२५ उरतात (तो महाग आठवडाच धरलाय मुद्दाम), तर ४८ थाळ्या. अठ्ठेचाळिसाव्या ताटापर्यंत आपण फक्त खर्च भागवतो. हा आकडा वहिनींनी स्वयंपाकघराच्या दाराच्या आत खडूने लिहून ठेवलाय.

पगारात वहिनींचा स्वतःचा पगार धरलाय हे लक्षात घ्या. घरची माणसं फुकट राबतात म्हणून तो खर्च धरायचा नाही, ही चूक आपल्याकडे सर्रास होते आणि मग धंदा फायद्यात दिसतो पण खरं तर ती घरच्यांची मजुरी असते. उद्या वहिनी आजारी पडल्या तर त्यांच्या जागी माणूस ठेवावाच लागेल ना.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना

गोव्यात मासळीच्या धंद्यात हे चालत नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, ते निदान तारखेने ठरलेलं आहे. श्रावण तसा नाही. २०२४ ला श्रावण ५ ऑगस्टला लागला आणि २०२५ ला २५ जुलैला. म्हणून २०२५ च्या जुलैचा शेवटचा आठवडा मागच्या वर्षीशी लावला तर धंदा पडल्यासारखा दिसला, वहिनींना दोन रात्री झोप नव्हती, आणि कारण एवढंच की ह्या वेळी अर्धं गिऱ्हाईक शिवराक, म्हणजे बिनमासळीचं, जेवत होतं. चवथीचंही तसंच, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट. श्रावणाचा आठवडा श्रावणाशी लावायचा, चवथीनंतरचा चवथीनंतरच्याशी. वहीत तारखेशेजारी तिथी लिहिली की काम होतं. वारसुद्धा वाराशीच लावायचा, गुरुवार आणि रविवार एका सरासरीत घालून काही कळत नाही.

मग किती आकडे ठेवायचे

वहिनींच्या मुलाने मोबाईलवर एक शीट बनवलं होतं त्यात अठरा रकाने होते, पेजचे लाईक्सही होते, दोन महिन्यांत ते कोणी उघडेनासं झालं. मी प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारला: हा आकडा बिघडला तर उद्या सकाळी आपण काय वेगळं करणार? लाईक्स कमी झाले तर? उत्तर नाही, काढला. महिन्याचा एकूण गल्ला? तो कळेपर्यंत महिना संपलेला असतो, काढला (टॅक्ससाठी लागतो, तो वेगळ्या वहीत आहेच). शेवटी चार राहिले. रोजच्या थाळ्या, ४८ च्या रेषेशी लावून. आठवड्याचा माल वापराचा टक्का, शिल्लक मोजून. ताटामागे उरणारे रुपये, इसवण आणि बांगडा वेगळे. आणि देणी वजा करून हातात आणि बँकेत मिळून किती दिवसांचा खर्च भागेल एवढे पैसे आहेत, म्हणजे शिल्लक रकमेला ६,००० ने भागायचं. वापरलेल्या मालाचे पैसे ह्या ६,००० मध्ये धरलेले नाहीत, कारण थाळ्या गेल्या नाहीत तर तेवढी मासळीही घेतली जात नाही. जूनच्या तोंडाला हा चौथा आकडा वीसच्या खाली असला तर वहिनी नवीन भांडीकुंडी घेत नाहीत.

एक गोष्ट मात्र नंतर लक्षात आली. तुकडे मोजायला लागल्यावर तो मुलगा इतका काटेकोर झाला की एका माशाचे ३४ तुकडे काढायला लागला, टक्का ४१ वर आला आणि मी शाबासकी दिली. तीन आठवड्यांनी बँकेतले नेहमी इसवण मागणारे चौघे बांगडा मागायला लागले, त्यातल्या एकाने वहिनींना सांगितलं की तुकडा हल्ली पापडासारखा झालाय. तेव्हापासून चिठ्ठीवर दोन मर्यादा आहेत, पाच किलोच्या माशाचे २९ पेक्षा कमी नाहीत आणि ३१ पेक्षा जास्त नाहीत, आणि इसवणीच्या थाळ्या किती गेल्या ते त्याच चिठ्ठीवर खाली लिहायचं.