उद्घाटन समारंभातील संचालकांचे स्वागतपर भाषण कसे लिहावे

पाषाण-औंध परिसरातील संशोधन संस्था असो की शहराच्या मध्यवस्तीतील एखादे जुने महाविद्यालय, नव्या इमारतीचे किंवा प्रयोगशाळेचे उद्घाटन ठरले की संचालकांच्या भाषणाचा मसुदा कुलसचिवांच्या किंवा प्रशासन अधिकाऱ्यांच्या टेबलावर येतो. मी असे मसुदे दीर्घकाळ लिहीत आलो आहे. ‘सुरुवातीला एखादा श्लोक घ्या, मग संस्थेचा इतिहास सांगा’ हा सल्ला मला अजूनही ऐकावा लागतो आणि तो सपशेल चुकीचा आहे. श्लोक स्वागतगीतात येऊन गेलेला असतो आणि इतिहास प्रास्ताविकात येणार असतो. स्वागतपर भाषणाने कोण आले आहे आणि त्यांचे येणे संस्थेला का मोलाचे आहे एवढेच सांगावे. ते चार मिनिटांत संपावे, म्हणजे संथ वाचनाच्या गतीने लिखित मजकूर चारशे शब्दांच्या आत राहावा.

दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार आणि आभार यांचे वाटप आधीच झाले आहे असे मी गृहीत धरतो. मसुदा लिहायला बसताना समोर छापलेली निमंत्रणपत्रिकाच ठेवावी, कारण आसनव्यवस्था, नामफलक, पुष्पगुच्छ आणि भाषण या चारही ठिकाणचा क्रम तिच्याशी जुळावा लागतो.

खरी अडचण नावांच्या क्रमाची असते. मला ती सुटायला बराच काळ लागला, कारण संबोधन आणि स्वागत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणी स्पष्ट सांगत नाही. संबोधनात आपण सभेला उद्देशून बोलतो, म्हणून तेथे सभेतील भूमिका पाहिली जाते आणि मराठी सभासंकेतानुसार समारंभाच्या अध्यक्षांचे नाव पहिले येते. स्वागत मात्र यजमान पाहुण्याचे करतो. संस्थेच्या नियामक परिषदेचे अध्यक्षच समारंभाचे अध्यक्ष असतील तर ते घरचेच आहेत. पाहुण्यांच्या आधी त्यांचे स्वागत करणे म्हणजे दारात आलेल्याला थांबवून घरातल्याला पाट मांडण्यासारखे होते. म्हणून संबोधनात अध्यक्ष पहिले आणि स्वागतात उद्घाटक पहिले हा क्रम मी सोडत नाही.

एक नमुना घेऊ. नव्या प्रयोगशाळेचे उद्घाटन राज्याच्या कॅबिनेट मंत्र्यांच्या हस्ते आहे, अध्यक्षस्थानी नियामक परिषदेचे अध्यक्ष आहेत आणि विद्यापीठाच्या कुलगुरू प्रमुख पाहुण्या आहेत. व्यासपीठावर खासदार आणि स्थानिक आमदारही आहेत. पहिल्या रांगेत जिल्हाधिकारी, माजी संचालक आणि ज्यांच्या देणगीतून इमारत उभी राहिली ते कुटुंबीय बसले आहेत. संबोधन असे होईल: ‘आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय डॉ. …, उद्घाटक माननीय मंत्री श्री. …, प्रमुख पाहुण्या, कुलगुरू माननीय डॉ. …, माननीय खासदार श्रीमती …, माननीय आमदार श्री. …, आणि उपस्थित मान्यवर, सहकारी व विद्यार्थी मित्रांनो.’ येथे पहिल्या रांगेतील एकही नाव घालू नये. एक घातले की बाकीची सगळी घालावी लागतात आणि पुढे स्वागतात तीच यादी पुन्हा वाचली जाते. निम्मी भाषणे याच पुनरुक्तीने लांबतात.

यानंतरचे स्वागत मंत्र्यांपासून सुरू होते, मग कुलगुरू, खासदार आणि आमदार, प्रत्येकी एक वाक्य. त्या वाक्यात पदाची स्तुती नसावी, या इमारतीशी असलेला त्यांचा संबंध असावा. ‘या प्रयोगशाळेचा वापर विद्यापीठाच्या संशोधक विद्यार्थ्यांनाही करता यावा, यासाठीच्या कराराला ज्यांनी मान्यता दिली त्या माननीय कुलगुरूंचे मी मनःपूर्वक स्वागत करतो’ हे वाक्य पुरेसे आहे. मग संचालक सभागृहाकडे वळतात. देणगीदार कुटुंबाला अधिकाऱ्यांच्या रांगेत वर किंवा खाली बसवण्याचा खटाटोप करू नये. सभागृहातील पहिले, स्वतंत्र वाक्य त्यांचे असावे. त्यानंतर जिल्हाधिकारी आणि मग माजी संचालक. नियामक परिषदेच्या अध्यक्षांचा उल्लेख सर्वांत शेवटी, ‘आमचे मार्गदर्शक’ म्हणून, कृतज्ञतेने करावा. त्यात ‘स्वागत’ हा शब्द नको.

पदांच्या क्रमाबद्दल शंका आली की लोक राजशिष्टाचाराचा तक्ता काढतात. राष्ट्रपती सचिवालयाने 26 जुलै 1979 रोजी जारी केलेला अग्रक्रमाचा तक्ता शासकीय आणि औपचारिक समारंभांसाठी आहे. आपल्या राज्यात राज्यपाल मुख्यमंत्र्यांच्या वर आणि राज्याचे कॅबिनेट मंत्री खासदारांच्या वर असतात हे त्यातून कळते. मात्र देणगीदार किंवा संस्थेचे माजी संचालक यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. तेथे वर सांगितलेली यजमान-पाहुण्याची कसोटीच लावावी लागते. राज्यपाल येणार असतील तर आपली कोणतीही कसोटी लावू नये. संबोधनात आणि स्वागतात त्यांचेच नाव पहिले, आणि संपूर्ण कार्यक्रमपत्रिका त्यांच्या कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावी. लोकप्रतिनिधींचा क्रम जिल्हाधिकारी कार्यालयाच्या राजशिष्टाचार शाखेला पत्रिका छापण्यापूर्वी विचारावा, कारण छापल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणाच्याच उपयोगाचे नसते.

उपाध्यांबाबतही काळजी घ्यावी. राज्यपालांना ‘महामहिम’ म्हणण्याचा आग्रह अजून दिसतो. प्रत्यक्षात देशांतर्गत समारंभांत अशा संबोधनाऐवजी ‘माननीय’ वापरण्याचा निर्णय राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या कारकिर्दीत, 2012 मध्येच झाला. ‘पद्मश्री डॉ. अमुक’ असे तर कधीही लिहू नये. पद्म सन्मान नावाच्या मागे किंवा पुढे उपाधीसारखा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले आहे. ‘पद्मश्री पुरस्काराने सन्मानित’ असे पूर्ण लिहावे. स्त्री पाहुण्यांसाठी ‘सौ.’ टाळून ‘श्रीमती’ किंवा त्यांची शैक्षणिक उपाधी वापरावी. आडनावांचा उच्चार स्वीय सहायकांना फोन करून विचारावा आणि मसुद्यात तो तसाच लिहून ठेवावा. संचालक परप्रांतीय असतील तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

भाषण मोठ्या टंकात, कागदाच्या एकाच बाजूला छापावे. स्वागताची वाक्ये मात्र मी सलग छापत नाही, प्रत्येक पाहुण्यासाठी पोस्टकार्डाएवढे वेगळे कार्ड करतो. मुंबईहून निघालेले मंत्री बोरघाटात अडकतात, खासदार ऐनवेळी प्रतिनिधी पाठवतात आणि न येणारे म्हणून कळवलेले आमदार प्रार्थनेच्या वेळी दारात दिसतात. सलग छापलेल्या पानावर पेनाने खाडाखोड केली की दिव्याखाली वाचताना संचालक हमखास अडखळतात आणि नसलेल्या माणसाचे स्वागत होते. कार्डांपैकी न आलेल्याचे फक्त काढून घ्यायचे असते. प्रतिनिधी आला असेल तर त्याचे स्वागत त्याच्या स्वतःच्या पदाच्या क्रमाने करावे, ज्यांनी पाठवले त्यांच्या जागी नव्हे. भाषण सुरू झाल्यावर कोणी आले तर संचालकांनी वाक्य मध्येच तोडू नये. त्या पाहुण्यांचे स्वागत भाषण संपताच सूत्रसंचालकाने करावे आणि यासाठी त्यांचे कार्ड आधीच त्याच्या हाती द्यावे.

शेवटच्या कार्डावर एकच वाक्य असते: ‘आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करून मी माननीय मंत्रिमहोदयांना उद्घाटनाची विनंती करतो.’ सूत्रसंचालकाच्या संहितेत हीच विनंती लिहिलेली असेल तर दोघांपैकी एकाची ओळ आदल्या संध्याकाळी काढून टाकावी.